नाल्याकडच्या वावराचा विमा

मी चिडकी आहे, हे आमच्या घरी कोणी नाकारत नाही. पण नोकरीच अशी की बर्फाच्या लादीलाही घाम फुटावा. मी कृषी सहायक. राहायला नागपुरात आणि गावं वाट्याला आलेली चाळीस किलोमीटर लांब. सकाळी तोंडाला दुपट्टा बांधून स्कूटर काढायची, दिवसभर शेतांच्या बांधांवरून, धुऱ्याधुऱ्यानं हिंडायचं आणि प्रत्येक धुऱ्यावर उभ्या माणसाचं एकच वाक्य ऐकायचं: "म्याडम, विम्याचं काय झालं?" बियाण्याचं विचारा, किडीचं विचारा, मी तासभर बोलेन. विम्याचं विचारलं की माझी चिडचिड सुरू व्हायची, कारण खरं उत्तर लांबलचक होतं आणि खोटं उत्तर एका ओळीचं.

ते एका ओळीचं उत्तर मी वर्षानुवर्षं दिलं, हे आधीच कबूल करते. "तुमच्या पिकाचा विमा आहे, पीक गेलं तर भरपाई मिळेल." फलकावर तेच छापलेलं, बैठकीत वरिष्ठ तेच बोलायचे, मीही तेच बोलले. त्या वाक्यातला 'तुमच्या' हा शब्द चुकीचा होता. ते मला माहीत होतं, पण बैठक लवकर संपवायची असायची.

ज्यांच्यामुळे तो शब्द माझ्या घशात अडकला, त्या काकूंची ही गोष्ट. गावात त्यांचा शब्द चाले. यजमान नागपुरात एका गोदामावर कामाला, रविवारी येत. शेती काकूंच्या नावावर आणि काकूंच्याच अंगावर. बचत गटाच्या अध्यक्ष. बोलायला तिखट, हिशेबाला पक्क्या. मी दारात गेले की "जयभीम बाई, बस" म्हणायच्या आणि पाण्याचा तांब्या पुढे करायच्या. त्यांची दोन वावरं होती. एक गावाच्या वरच्या अंगाला, मुरमाड हलकी जमीन, आजूबाजूच्या सगळ्यांची असते तशी. दुसरं खाली नाल्याकडे, काळी खोल माती. त्या अंगाला त्यांच्याशिवाय फारसं कोणाचं नव्हतं. दोन्हीकडे सोयाबीन.

विमा एका रुपयात निघत होता तेव्हाची ही सुरुवात. काकू म्हणाल्या, "रुपयात कोणी काय देते वं? रुपयात तं आता चॉकलेट बी येत नाही." मी म्हटलं, काकू, सरकार भरतं उरलेलं, तुमचं काय जातं? त्यांनी दोन्ही वावरांचा विमा काढला आणि गटातल्या बायांनाही काढायला लावला. तुझ्या शब्दावर काढून राहिली, एवढं मात्र त्यांनी बजावलं.

त्या पावसाळ्यात नाल्याला तीनदा पाणी आलं. काकूंच्या खालच्या वावरात ते तुंबलं, दोन दिवसांनी ओसरलं. झाडं उभी होती, हिरवी होती. नियम असा होता की पाणी साचून एकट्याचं नुकसान झालं तर बहात्तर तासांच्या आत मोबाईलवर तक्रार नोंदवायची. काकूंनी नोंदवली नाही, कारण डोळ्यांना नुकसान दिसतच नव्हतं. हिरव्या झाडाची तक्रार कोण करतं? मुळं कुजली होती ते पंधरा दिवसांनी पानं पिवळी पडली तेव्हा कळलं, आणि तोवर बहात्तर तास कधीच होऊन गेले होते. मी स्वतः जाऊन ते वावर पाहिलं. झाड उपटायला जोर लागत नव्हता. दीड एकरात दोन पोती निघाली.

वरच्या वावरात, आणि आख्ख्या मंडळात, त्या वर्षी सोयाबीन झकास झालं. आमच्याकडे भरपाईचा हिशेब महसूल मंडळावर चालतो. वीस-पंचवीस गावांचं एक मंडळ. त्या मंडळात दहा ठिकाणी पीक कापून मोजायचं, दहांची सरासरी काढायची. काही हिस्सा उपग्रहावरून बांधलेल्या अंदाजाचाही धरतात, पण गावाला दिसतो तो वजनकाटा. मग त्या सरासरीची तुलना उंबरठ्याशी. मागच्या सात वर्षांतली चांगली पाच घ्यायची, त्यांची सरासरी काढायची आणि तिचे शंभरातले सत्तर धरायचे. ते झालं उंबरठा उत्पादन. मंडळाची सरासरी त्याच्या खाली गेली तर जितका वाटा खाली तितका वाटा विमा रकमेचा, मंडळातल्या प्रत्येक विमाधारकाला. वर राहिली तर कोणाला काहीच नाही, मग एखाद्याच्या वावरात बेडूक का पोहत असेना.

सरासरी वर राहिली. काकूंना शून्य.

त्या माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याला मी ओरडून उत्तर देऊ शकते. त्यांनी नेहमीसारखा तांब्या पुढे केला आणि विचारलं, "तू माह्यं वावर पाह्यलं होतं ना?"

"पाहिलं होतं, काकू."

"मंग मोजाले काहून नाही आली?"

मी सांगितलं की मोजायच्या जागा नंबरानं निघतात, आधीच ठरतात, मला निवडता येत नाहीत. त्यांनी ऐकून घेतलं. "म्हंजे दुसऱ्याच्या वावरात मोजलं अन् मले सांगितलं का तुह्यं पिकलं." मी म्हटलं, तसं नाही काकू. पण तसंच होतं. परतताना मला स्वतःचाच राग आला आणि मी तो स्कूटरच्या किकवर काढला.

नागपुरात एका प्रशिक्षणात आम्हाला याचं नाव शिकवलं होतं: बेसिस रिस्क. मापात जे घडलं आणि वावरात जे घडलं, यातला फरक. शिकवणाऱ्या साहेबांनी पडद्यावर आलेख दाखवला, मग समोसे आले. प्रत्येकाचं वावर मोजायचं तर माणसं पुरणार नाहीत, पैसा पुरणार नाही, आणि जो तो आपलं पीक मुद्दाम कमी दाखवेल. म्हणून सरासरीवर चालायचं, थोडा फरक राहणारच. सगळं खरं होतं. फक्त तो थोडा फरक कोणा एकाच्या दारात अख्खा जाऊन बसतो, हे आलेखात दिसत नव्हतं.

पुढच्या हंगामात काकूंनी विमा काढला खरा, पण रुपया माझ्यासमोर टेबलावर ठेवत म्हणाल्या, "हा दान समजून देऊन राहिली." गटातल्या बायांना त्यांनी या वेळी काही सांगितलं नाही. निम्म्यांनी काढलाच नाही. मला आकडे दाखवायचे होते, वरून फोन येत होते. पण त्याहून जास्त मला हे लागलं की काकू आता माझ्याशी विम्याचं बोलेनाशा झाल्या. बियाण्याचं बोलत, नातवाचं बोलत, विमा शब्द आला की चहा टाकायला आत जात. त्यांचा माझ्या शब्दावरचा विश्वास परत मिळवायचा, असं मी मनाशी धरलं. कसा, ते माहीत नव्हतं.

त्या वर्षी उलटं झालं. ऐन शेंगा भरायच्या वेळी पावसानं तीन आठवडे दडी मारली. मुरमाड जमिनीतलं सोयाबीन करपलं. शेंगा चपट्या, दाणे ज्वारीएवढे. मंडळभर तीच रड. आणि कापणी प्रयोगाच्या यादीत आमच्या गावातून जो गट नंबर निघाला, तो काकूंचा नाल्याकडचा. काळ्या मातीनं ओल धरून ठेवली होती. ते वावर मांडीएवढं उंच, शेंगांनी गच्च लगडलेलं उभं होतं. मी यादी तीनदा वाचली आणि कपाळाला हात लावला.

कापणीच्या दिवशी धुऱ्यावर निम्मं गाव आलं. पुढे एक ट्रॅक्टरवाले भाऊ, वरच्या अंगाला दहा एकरांचे मालक. त्यांचं सोयाबीन कापायचीही मजुरी निघणार नव्हती. आणि विमा कंपनीचे एक प्रतिनिधी, साक्षीला आलेले, पायात पांढरे बूट. दोघांना एकाच खुंटीची काळजी होती: ती कुठं ठोकली जाते.

पद्धत सरळ आहे. वावराच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात उभं राहायचं. कागदावर दोन आकडे दिलेले असतात. इतकी पावलं लांबीनं, इतकी रुंदीनं. तिथं पहिली खुंटी. तिथून दहा मीटर बाय पाच मीटरचा तुकडा दोरीनं आखायचा आणि दोरीच्या आतलं सगळं कापायचं. जिथं पाऊल पडेल तिथं. चांगलं-वाईट पाहायचं नाही.

माझी पावलं पडली ती ऐन भरात.

"म्याडम," ट्रॅक्टरवाले भाऊ म्हणाले, "जरा त्या बाभळीकडे घ्या ना. तिकडे बारीक हाय. कोणाले समजते?"

"मला समजतं."

"अख्ख्या मंडळाचं जळलं, अन् तुमी हे एक हिरवं वावर धरून बसल्या. याच्यानं सगळ्यायचं बुडन."

बोलणं खोटं नव्हतं. त्यांना मी काय सांगणार? मागच्या वर्षी काकूंचं बुडालेलं वावर यादीत नव्हतं, तेव्हा कोणी बाभूळ दाखवायला आलं नव्हतं. हे तोंडावर आलं होतं, गिळलं. तेवढ्यात कंपनीचे गृहस्थ वाकून दोरीच्या आत पाहू लागले. एका बाजूला हातभर जागा मोकळी होती, रानडुकरांनी उकरलेली. "ही जागा प्रातिनिधिक नाही वाटत, मॅडम. खुंटी दोन पावलं पुढे घेऊ या का?"

मी दोघांनाही एकाच सुरात सांगितलं की आज इथं खुंटी हलली तर माझ्या अंगावरून हलेल. सुरुवातीलाच सांगितलं ना, मी चिडकी आहे. काकू धुऱ्यावर उकिडव्या बसून हे पाहत होत्या. पदर तोंडाशी धरला होता. मला वाटतं, हसत होत्या.

सोयाबीन ओलसर होतं, लगेच मळता येणार नव्हतं. कापलेल्या पेंढ्या मोजल्या, संख्या लिहिली, पोत्यांत बांधून तोंडं सील केली आणि नियमानं काकूंच्याच अंगणात ठेवली. चार दिवसांनी मळणी आणि वजन. जाताना ट्रॅक्टरवाले भाऊ काकूंना जे म्हणाले ते मी ऐकलं: "काकू, चार पेंढ्या ढोरायनं खाल्ल्या तं कोणी ढोरायले फाशी नाही देत."

ते चार दिवस मी अस्वस्थ होते. काकूंनी दोन पेंढ्या ओढल्या तर गावाचं भलं होतं, त्यांचंही. ज्या यंत्रणेनं त्यांना शून्य दिलं तिच्यावर त्यांनी उपकार का करावेत? त्यांच्या जागी मी असते तर ओढल्या असत्या, हे मी स्वतःशी कबूल केलं.

पाचव्या दिवशी सीलं जशीच्या तशी होती. पेंढ्याही तितक्याच. ताडपत्रीवर बडवल्या, उफणल्या, दाणे काट्याच्या तगाडीत, म्हणजे पारड्यात ओतले. नऊ किलो आणि वर काही ग्रॅम. सगळ्यांनी आकडा मोठ्यानं वाचला. गर्दीतून सुस्कारा उठला. मी फोटो काढायला मोबाईल वर केला, आणि त्याच क्षणी काकू शेजारच्या त्यांच्या स्वतःच्या राशीजवळ गेल्या, दोन्ही हातांनी ओंजळ भरली आणि तगाडीत सोडली.

गर्दी काट्यावर वाकली.

"काकू!" मी किंचाळलेच. "हे काय केलं?"

त्यांनाच आश्चर्य वाटलं. "काय केलं म्हंजे? आमच्या घरून काटोकाट माप जात नाही कोणाले. मापावर ओंजळ टाकायची रीत हाय. माह्या सासूनं टाकली, मी बी टाकतो. सरकारचा काटा झाला म्हून काय झालं?"

ट्रॅक्टरवाल्या भाऊंनी डोक्याला हात लावून बैठक मारली. कंपनीचे गृहस्थ मात्र गालात हसले. "राहू द्या मॅडम, शेतकऱ्याची श्रद्धा आहे. काटा दाखवतो ते लिहा."

"श्रद्धा तुमच्या कंपनीच्या फायद्याची निघाली की लगेच पटते तुम्हाला," मी म्हटलं आणि तगाडी ओढून घेतली. दाण्यात दाणे मिसळले होते, निवडणार कसे? सगळ्यांनी वाचलेला आकडा येईस्तोवर मी चिमटीचिमटीनं काढत राहिले. पावकिलोच्या वर निघाले, जवळजवळ तीनशे ग्रॅम. काकू तोंड पाडून बसल्या होत्या. त्यांचा अपमान झाला होता. आपल्या हातचं दिलेलं कोणी परत करतं का?

म्हणून त्यांच्यापाशी बसून मी सांगितलं. घाईनं नाही, पहिल्यांदाच नीट. "काकू, हा तुकडा पन्नास चौरस मीटरचा. हेक्टर म्हणजे असे दोनशे तुकडे. म्हणून तुमची तीनशे ग्रॅमची ओंजळ दोनशेनं गुणली जाते. साठ किलो होते. मग मंडळात असे दहा प्रयोग, म्हणून दहानं भागायची. उरले सहा किलो. ते सहा किलो मंडळातल्या प्रत्येकाच्या प्रत्येक हेक्टरावर कागदावर चढतात. ज्याचं काहीच पिकलं नाही त्याच्याही. आणि तितकी त्याची भरपाई उतरते."

काकूंनी ताडपत्रीवर बोटानं काहीतरी मोजलं.

"म्हंजे माह्यी ओंजळ सगळ्यायच्या वावरात पडते."

"हो."

"मंग मागच्या साली सगळ्यायची ओंजळ माह्या वावरात पडली होती."

मी मान हलवली. ट्रॅक्टरवाल्या भाऊंनीही ऐकलं. त्यांचं पीक मागच्या वर्षी उत्तम होतं आणि त्या दहांतला एक प्रयोग त्यांच्याच वावरात झाला होता. माझ्या इतक्या वर्षांच्या बैठका, फलक, प्रशिक्षणातले आलेख, यांतून जे कोणाला कळलं नव्हतं ते काकूंना एका तगाडीपाशी कळलं. मला आनंद झाला आणि लगेच लाजही वाटली. कारण ते आधी सांगायचं काम माझं होतं.

मंडळाची सरासरी उंबरठ्याच्या पाचव्या हिश्श्यानं खाली आली. काकूंचं वावर यादीत नसतं तर ती अजून, जवळपास तिसऱ्या हिश्श्यानं खाली गेली असती. हे गावानं हिशेब करून ठेवलं आणि काही दिवस काकूंच्या अंगणातली वर्दळ कमी झाली. काकूंनी त्याची पर्वा केल्याचं दिसलं नाही. मला विचारलं मात्र, "बाई, खुंटी हलवली असती तं तुह्यी नोकरी गेली असती का?" मी म्हटलं, बहुतेक कोणाला कळलंही नसतं. त्या म्हणाल्या, "हं."

पैसे उन्हाळ्याच्या शेवटी आले. त्या दिवशी काकू ठेवणीतलं सोयाबीन घेऊन नागपुरात कळमन्याच्या धान्यबाजाराला आल्या होत्या. मला फोन केला, "तू घरी असशील तं ये." माझं घर तिथून जवळच. यार्डात पोत्यांच्या थप्पीच्या सावलीला त्या बसल्या होत्या, समोर दोन चहा. मोबाईल माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "हे वाच."

बँकेचा संदेश होता. दोन्ही वावरांची भरपाई, विमा रकमेचा पाचवा हिस्सा.

"वरच्या वावराचं समजलं," त्या म्हणाल्या. "तिथं पिकलं नाही, पैसे आले. बराबर हाय. पण नाल्याकडे तं पोत्यावर पोतं निघालं. त्याचे बी आले. बुडालं तवा नाही, पिकलं तवा आले. मले हे सांग, हे पैसे कायचे?"

"मंडळाचे, काकू. मंडळाचं पीक गेलं त्याचे. तुमच्या वावराचे ते कधी नव्हतेच." मी एक दम घेतला. "तुमच्या पिकाचा विमा, असं मी सांगत होते ते चूक होतं. हा मंडळाचा विमा आहे. तुमचं वावर मंडळासारखं वागलं तर तो तुमचा. नाही वागलं तर नाही."

आता त्या ओरडतील असं वाटलं. त्यांनी चहा संपवला, ग्लास उलटा केला. "हे तू पयल्या साली सांगितलं असतं तं मी दोन दिवस रागावली असती. आता दोन वर्सं रागावली." आणि खळखळून हसल्या. मला रडू आलं. हमालांच्या आरड्याओरड्यात ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

नाल्याकडच्या भरपाईचे पैसे त्यांनी वेगळे काढले आणि पावसाआधी त्याच वावराच्या कडेनं जेसीबीनं चर खणून घेतला, पाणी उतरून जायला. ज्याचं त्याला, एवढंच म्हणाल्या.

नव्या हंगामापासून योजना बदलली. एक रुपयाचा विमा गेला; आता शेतकऱ्यानं विमा रकमेच्या शंभराला दोन भरायचे. आणि पाणी साचल्याची एकट्याची तक्रार करायची सोय राज्यानं काढून टाकली. उरली ती फक्त मंडळाची सरासरी. बैठकीत मी फलकाकडे पाठ करून उभी राहिले आणि सांगितलं: हा तुमच्या वावराचा विमा नाही, मंडळाचा आहे. दहा ठिकाणी मोजतील, त्यात तुम्ही नसालही. तुमचं एकट्याचं गेलं तर काही मिळणार नाही. अर्धे लोक उठून गेले. वरिष्ठ नंतर जे बोलले ते इथं लिहीत नाही.

मुदत संपायच्या दोन दिवस आधी काकू सेतू केंद्रात आल्या. मागे गटातल्या सात-आठ बाया. काकूंनी सातबारा टेबलावर ठेवला, एकच. वरच्या वावराचा.

"आणि नाल्याकडचा?"

"त्याचा नाही काढत."

मी म्हटलं, काकू, विचार करा. मंडळ खाली गेलं तर त्या वावराचेही पैसे येतील, मागच्यासारखे. सरकार हप्त्यातला मोठा वाटा भरतं. हिशेबानं तोट्याचं नाही.

"मले समजते ते," त्या म्हणाल्या. मागच्या बायांकडे वळून, माझ्याकडे नाही, बोलल्या. "वरचं वावर मंडळासारखं वागते. मंडळ रडलं का तेही रडते. त्याचा काढाचा. नाल्याचं वावर आपल्या मनानं वागते. मंडळाचं जळते तवा ते पिकते, मंडळाचं पिकते तवा ते बुडते. त्याच्यावर पैसे लावणं म्हंजे विमा नाही, सट्टा हाय. तुमचं वावर कसं वागते ते पाहा, मंग सही करा."

बाया आपापसांत बोलू लागल्या. कोणाचं टेकडीवरचं, कोणाचं तळ्याकाठचं. दोघीजणी एक-एक सातबारा काढून परत पिशवीत ठेवू लागल्या. माझ्या अकरा वर्षांच्या नोकरीत विमा इतका नीट समजावलेला मी ऐकला नव्हता, आणि तो समजावणारी मी नव्हते.

अर्ज भरून झाला. काकूंनी पावती पदराच्या गाठीला बांधली आणि खुर्चीवरून उठता उठता थांबल्या.

"बाई, चर तं खणला. पण पाणी जास्तच आलं, अन् ते वावर परत बुडालं, तं त्याच्यासाठी तुह्याजवळ काय हाय?"

पूर्वीची मी असते तर काहीतरी बोलले असते. तक्रार करून पाहू, वर कळवू, बघू.

"काही नाही, काकू," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मागच्या बाईला म्हणाल्या, "बस वं, हिच्यापाशी बस. ही खरं सांगते."